फोनवरचा एकतर्फी प्रसंग लिहिताना: आधी न ऐकू येणारी बाजू लिहा

एकांकिकेत फोनचा प्रसंग आला की बऱ्याच संहितांमध्ये एकच गोष्ट घडते. पात्र फोन उचलतं आणि समोरच्याचं प्रत्येक वाक्य प्रेक्षकांसाठी पुन्हा म्हणून दाखवतं. “काय म्हणतोस? तुझी नोकरी गेली? जूनमध्येच? आणि आता भाडं थकलंय?” प्रेक्षकाला सगळं कळतं हे खरं, पण फोनच्या पलीकडे कुणी नाही हेही त्याच क्षणी कळतं. दुसरं टोक असं की लेखक पोपटपंची टाळायला जातो आणि “हं... बरं... अच्छा... नाही... ठीक आहे” एवढंच उरतं. मग नटाला खेळायला काही नसतं आणि प्रेक्षकाला धरायला काही नसतं.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. लेखकानं फक्त ऐकू येणारी बाजू लिहिलेली असते आणि पलीकडचा माणूस नेमकं काय बोलला हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. खालची पद्धत रंगमंचासाठी आहे. एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतलं आहे, म्हणजे कुठल्या टप्प्याला वाक्य का बदललं ते दिसेल.

## १. कागदाला हात लावण्याआधी: बातम्या मोजा

प्रेक्षकाला या फोनमधून नेमकं काय कळायला हवं, ते सुट्या वाक्यांत लिहून काढा. आपल्या प्रसंगात नीता घरी आहे आणि तिचा धाकटा भाऊ मंदार, जो दुसऱ्या शहरात राहतो, तिला फोन करतो. बातम्या चार आहेत. त्याची नोकरी गेली आहे. ती आईच्या वाढदिवसाच्या आधीच गेली होती, म्हणजे तेव्हा तो आला आणि खोटं बोलून गेला. त्याला राहती खोली सोडावी लागली आहे. आणि तो आत्ता घराखाली उभा आहे.

दोन-अडीच मिनिटांच्या फोनला चार बातम्या पुष्कळ झाल्या. यादी सहा-सातवर गेली तर त्यातल्या काही फोनच्या आधीच्या किंवा नंतरच्या प्रसंगात हलवा. आणि पलीकडच्या माणसाला एखादी हकिगत सांगायची असेल, म्हणजे आधी हे झालं, मग ते झालं, त्यावर तो असं म्हणाला, तर ती एकतर्फी फोनमधून जाणार नाही. या तंत्राची ही खरी मर्यादा आहे. बातमी जाते, निर्णय जातो, विनंती जाते, भांडण तर फारच छान जातं. कथन मात्र जात नाही.

यादी झाली की दुसरा प्रश्न: यातलं काय फोनच्या आधीच पेरून ठेवता येईल? आपल्या प्रसंगात आईच्या मनगटावर घड्याळ आहे, ते मंदारनं वाढदिवसाला दिलेलं आहे. फोन यायच्या दोन-तीन मिनिटं आधी आई सहज म्हणते, “मंदारनं दिलेलं घड्याळ, बघ कसं बिनचूक चालतंय.” पुढं हे वाक्य काय काम करतं ते पाचव्या टप्प्यात कळेल. मंदार बाहेरगावी नोकरी करतो हेही याच वेळी येऊन जायला हवं. फोन सुरू झाल्यावर पात्रांची ओळख करून देत बसलात तर मंदारला कुणीतरी त्याचीच माहिती सांगतंय असं वाटेल.

तपासा: फोन वाजायच्या क्षणी प्रेक्षकाला पलीकडच्या माणसाबद्दल निदान दोन गोष्टी ठाऊक आहेत का? नसतील तर मागे जाऊन पेरा.

## २. दोन्ही बाजू पूर्ण लिहा

आता संवाद असा लिहा, जणू दोघंही रंगमंचावर समोरासमोर आहेत. मंदारची वाक्यं “काहीतरी वाईट सांगतो” अशी मोघम ठेवू नका, शब्दन्‌शब्द लिहा. नंतर खोडायचंच आहे म्हणून इथे घाई होते, आणि प्रसंग पुढं लंगडतो तो इथल्या घाईमुळेच.

> मंदार: ताई, आई आहे का जवळ?
> नीता: नाही, आत आहे. का रे?
> मंदार: माझी नोकरी गेली.
> नीता: काय? कधी?
> मंदार: जूनमध्येच गेली.
> नीता: आणि आत्ता सांगतोस?
> मंदार: आईच्या वाढदिवसाला सांगणार होतो. धीर झाला नाही.

मंदारची वाक्यं आखूड ठेवली आहेत. प्रत्येक वाक्य म्हणजे रंगमंचावरची तेवढी शांतता. त्यानं सलग पाच ओळी बोलायचं ठरवलं तर नीताला तेवढा वेळ कानाला फोन लावून उभं राहावं लागेल. त्याला लांब बोलायचंच असेल तर नीतानं मध्ये तोडावं. फोनवर आपण एकमेकांना तोडतोच, त्यामुळे ते खोटं वाटत नाही.

## ३. पलीकडची बाजू खोडा आणि उरलेलं परक्या कानांनी वाचा

मंदारच्या ओळी झाकल्या की उरतं ते असं: “नाही, आत आहे. का रे? ... काय? कधी? ... आणि आत्ता सांगतोस?”

काहीतरी वाईट घडलंय आणि ते उशिरा सांगितलंय, एवढं कळतं. पण काय घडलं? अपघात, आजार, घटस्फोट, कर्ज, काहीही असू शकतं. भोक नेमकं कुठे पडलंय ते अशा वाचनात दिसतं. प्रत्येक भोकावर पेन्सिलीनं खूण करा आणि समासात लिहा: “इथे नोकरी कळत नाही.” लगेच बुजवायला जाऊ नका. आधी सगळी भोकं शोधा, कारण दोन भोकं एकाच वाक्यानं बुजतात असं पुष्कळदा होतं.

सावधान: काही जागा अर्धवट कळलेल्याच चांगल्या असतात. प्रेक्षक काही सेकंद अंदाज बांधत राहिला तर तो खुर्चीत पुढं सरकून बसतो. फक्त तो अंदाज पुढच्या दोन-तीन वाक्यांत पक्का व्हायला हवा. फोन संपेपर्यंत ताणलं तर तो कंटाळून अंदाज बांधणंच सोडून देतो.

## ४. बातमीला नव्हे, बातमीच्या परिणामाला उत्तर द्या

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. भोक बुजवायचा सोपा मार्ग म्हणजे “काय? तुझी नोकरी गेली?” पण खऱ्या आयुष्यात आपण ऐकलेली बातमी क्वचितच पूर्ण वाक्यात परत म्हणतो. आपलं मन पुढे धावतं: मग कालचं काय, मग उद्याचं काय. तिथूनच नीताचं वाक्य शोधायचं.

नोकरी गेली हे ऐकल्यावर नीताच्या डोक्यात पहिल्यांदा काय येईल? काल तर हा फोनवर ऑफिसला निघालोय म्हणाला होता. म्हणून “काय? कधी?” खोडून तिथे लिहा: “काल तर म्हणालास, ऑफिसला निघालोय म्हणून.”

नोकरी हा शब्द आलाच नाही, तरी प्रेक्षकाला बातमी मिळाली. वर आणखी एक गोष्ट मिळाली, की मंदार खोटं बोलत होता. पुढचं वाक्य ते पक्कं करतं: “रोज? मग दिवसभर असतोस कुठे?” इथे मंदारनं मध्ये “रोज तसंच सांगत होतो” म्हटलं असणार, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याचं वाक्य नीताच्या एका शब्दातून ऐकू आलं.

असं वाक्य सापडत नसेल तर तीन प्रश्न विचारून बघा. या बातमीनं नीताची कोणती जुनी समजूत खोटी ठरली? तिला आता कोणती काळजी लागली? आणि तिला कोणाचा चेहरा आठवला? तिन्हीपैकी एका उत्तरात तरी तुमचं वाक्य असतं.

मग पुनरुक्ती कधीच नको का? काही वेळा ती स्वाभाविक असते: नीट ऐकू आलं नाही तेव्हा, विश्वास बसत नाही तेव्हा, पत्ता किंवा वेळ लिहून घेताना. अशा वेळीही अख्खं वाक्य न उचलता एकच शब्द उचला. “आजच?” पुरतं. “आजच खोली सोडायला सांगितली?” झालं की नाटक खाली बसलं.

तपासा: नीताची सगळी प्रश्नार्थक वाक्यं अधोरेखित करा. जी वाक्यं “हो” म्हणून संपवता येतात त्यांच्याकडे संशयानं बघा. पोपटपंची बहुतेक वेळा तिथेच दडलेली असते.

## ५. पलीकडे कोण आहे हे व्याकरणाकडून सांगून घ्या

मराठीत लिहिणाऱ्याकडे इथे मोठी सोय आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही. “अरे”, “अगं”, “अहो” यांपैकी एक शब्द तोंडातून गेला की पलीकडच्या माणसाशी असलेलं नातं अर्धं उघड होतं. “तू” आणि “तुम्ही” उरलेल्यातलं बरंच सांगतात. फोन चालू असताना पात्र “तुम्ही”वरून “तू”वर आलं किंवा उलट गेलं, तर तोच एक मोठा प्रसंग होऊ शकतो.

क्रियापदं त्याहून बारीक काम करतात. “आलास”, “करतोस”, “म्हणालास” म्हटलं की पलीकडे पुरुष आहे. “आलीस”, “करतेस”, “म्हणालीस” म्हटलं की बाई. पण “आणलंस”, “दिलंस”, “केलंस” यांत ऐकणाऱ्याचं लिंग कळत नाही, कारण तिथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. “सोडलीस” हे खोली सोडणाऱ्या पुरुषालाही म्हणतात. “जाशील”, “ये”, “बोल” यांतूनही काही कळत नाही. “तुम्ही आलात” हेही दोघांना चालतं.

म्हणजे पलीकडचा माणूस उघड करायचा असेल तर पहिल्या गटातली क्रियापदं वापरा, लपवायचा असेल तर दुसऱ्या. एखादं पात्र लपवायचा प्रयत्न करत असेल, तर त्याची जीभ घसरायची जागाही इथेच आहे.

आपल्या प्रसंगात हेच करू. फोन चालू असताना आई खोलीत येते. मंदारनं आईला सांगू नको म्हटलंय. नीता सांगते की फोन स्मिताचा आहे, ऑफिसातल्या मैत्रिणीचा. आता ऐकणारे दोन झाले: प्रेक्षक, ज्याला सगळं कळायला हवं, आणि आई, जिला काही कळता कामा नये. नीताचं प्रत्येक वाक्य या दोन्ही कानांना एकाच वेळी पुरं पडलं पाहिजे.

इथे क्रमाला महत्त्व आहे. नोकरी गेल्याची आणि वाढदिवसाची बातमी आई येण्याआधी उरकून घ्या, कारण त्या शब्दांशिवाय पोचवणं अवघड आहे. आई आल्यावर उरलेल्या गोष्टी नजरेनं आणि वस्तूंनी सांगता येतात, आणि घड्याळ आधी पेरलं होतं ते यासाठीच.

## ६. दुरुस्त केलेला प्रसंग

> (नीता एकटी. फोन वाजतो. नाव बघून उचलते.)
>
> नीता: हं, मंदार. (ऐकते.) नाही, आत आहे. का रे? (ऐकते. हातातलं मासिक खाली ठेवते.) काल तर म्हणालास, ऑफिसला निघालोय म्हणून. (ऐकते.) रोज? मग दिवसभर असतोस कुठे? (ऐकते.) पण कधीपासून? (ऐकते.) म्हणजे आईच्या वाढदिवसाला आलास तेव्हा—
>
> (आई वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन येते.)
>
> आई: कोणाचा गं फोन?
>
> नीता: स्मिताचा. ऑफिसातली. (फोनवर) हं, बोल गं. (ऐकते.) अगं, आई आलीय, कपड्यांच्या घड्या घालतेय. (ऐकते.) छे, मी कशाला बोलू कुणाला? (ऐकते. नजर आईच्या मनगटावरच्या घड्याळाकडे जाते.) मग ते कशातून आणलंस? (ऐकते.) फेडलेस? (ऐकते.) आणि मालक काय म्हणतो? (बराच वेळ ऐकते.) आजच? अगं, मग सामान? (ऐकते.) एवढंच? (ऐकते. हळूहळू खिडकीपाशी जाते. खाली बघते.) कधी आलास?
>
> (आईचे हात थांबतात.)
>
> नीता: ...आलीस?
>
> आई: (मान वर न करता) वर ये म्हणावं त्याला.

“मग ते कशातून आणलंस?” या वाक्यात “घड्याळ” नाही आणि क्रियापदातून मंदारही दिसत नाही, त्यामुळे आईला ते मैत्रिणीबद्दलचंच वाटतं. प्रेक्षकाला नजर दिसते. “फेडलेस?” या एका शब्दातून पैसे उसने घेतले होते हे येतं. शेवटी मात्र नीता खिडकीतून भावाला बघते आणि तिचं भान सुटतं. तिथे मुद्दाम “आलास” हे पहिल्या गटातलं क्रियापद ठेवलं आहे. तिथे “काय केलंस हे?” लिहिलं असतं तर ती पकडलीच गेली नसती.

हाच प्रसंग श्राव्य नाटकासाठी लिहायचा असेल तर घड्याळाकडची नजर निरुपयोगी आहे. तिथे आईनं मध्येच “किती वाजले बघू” असं म्हणून स्वतःच्या घड्याळाचा उल्लेख करायला हवा आणि त्याला लागून नीताचं वाक्य यायला हवं. खिडकीसाठी बाहेरच्या रहदारीचा आवाज वाढवावा लागेल.

## ७. शांततेचं माप लिहून द्या

संहितेत “...” टाकून मोकळं होऊ नका. तीन टिंबं म्हणजे संकोच, अडखळणं, वाक्य तुटणं, ऐकणं, काहीही असू शकतं आणि नट त्यातलं सोयीचं निवडतो. ऐकण्यासाठी “(ऐकते.)” लिहा आणि टिंबं फक्त जीभ अडखळण्यासाठी राखून ठेवा. वरच्या प्रसंगात ती एकदाच आली आहेत.

शांतता किती लांब, हे दुसऱ्या टप्प्यातल्या खोडलेल्या ओळी ठरवतात. म्हणून दोन्ही बाजूंची संहिता फेकू नका, नटीच्या हातात द्या. तालमीत सुरुवातीला कुणीतरी मंदारच्या ओळी मोठ्यानं वाचाव्यात, मग हळू, मग अजिबात नाही. त्या वेळी नटी त्या मनातल्या मनात ऐकत असेल. हे केलं नाही तर ठरावीक चूक होते: सगळ्या शांतता सारख्याच लांबीच्या होतात, दोन-दोन सेकंदांच्या, आणि प्रेक्षकाला लय पाठ होते. खऱ्या फोनवर “आजच” ऐकायला अर्धा सेकंद लागतो आणि मालकाची तक्रार ऐकायला पाच-सहा.

पाच-सहा सेकंदांची शांतता रंगमंचावर लांब वाटते. तिथे पात्राला करायला काहीतरी द्या, पण ते ऐकण्यातून निघालेलं असू द्या. मासिक खाली ठेवणं चालतं, कारण लक्ष फोनकडे गेलं. उगाच पाणी पिणं चालत नाही.

सावधान: “हं” आणि “बरं” सलग दोनदा येऊ देऊ नका. पलीकडचा माणूस बोलतोय हे दाखवायला ते पुरतात, काय बोलतोय ते मात्र त्यांतून कळत नाही. तसंच “हॅलो, कसा आहेस, मी बरी आहे” ही सुरुवात पूर्ण कापा. पात्रानं नाव बघून फोन उचलला की दोघांची ओळख गृहीतच असते.

## ८. शेवटची चाचणी

फक्त नीता आणि आईच्या ओळी असलेलं पान अशा माणसाला द्या ज्याला कथा माहीत नाही. घड्याळाचं आधीचं वाक्य आणि मंदार कुठे राहतो हे सांगा, बाकी काही नको. “कळलं का?” असं विचारू नका. लोक भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी प्रत्येक “(ऐकते.)” समोर पलीकडचा माणूस काय म्हणाला असेल ते त्याला लिहायला सांगा.

मग ते तुमच्या खोडलेल्या ओळींशी ताडून बघा. शब्द जुळायची गरज नाही, बातमी जुळली पाहिजे. जिथे वाचकानं रकाना रिकामा सोडला तिथे नीताचं पुढचं वाक्य पोकळ आहे. जिथे त्यानं ठामपणे चुकीचं लिहिलं तिथे एखादा शब्द दोन अर्थांचा आहे, आणि हा दोष लेखकाला स्वतःहून सापडणं फार कठीण असतं, कारण त्याला खरा अर्थ आधीच ठाऊक असतो.

वरच्या प्रसंगात अशी एक जागा मुद्दाम तशीच ठेवली आहे: “आणि मालक काय म्हणतो?” नोकरीचा विषय नुकताच झालाय, त्यामुळे वाचक इथे कंपनीचा मालक समजेल आणि पुढचं “आजच? मग सामान?” त्याला ऑफिसमधल्या सामानाबद्दल वाटेल. तिसरी बातमी बुडेल, आणि मंदार बॅग घेऊन खाली का उभा आहे तेही नीट लागणार नाही. दुरुस्ती एका शब्दाची आहे: “आणि खोलीचा मालक काय म्हणतो?” आईला त्यातूनही स्मिताची भाड्याची खोलीच दिसेल. हा बदल करून पान दुसऱ्या नव्या वाचकाला द्या. पहिल्या वाचकाला आता उत्तर माहीत आहे, त्याच्याकडून पुन्हा तपासून घेण्यात अर्थ नाही.